चाकाचे नट आमनेसामने का आवळतात

रस्त्याकडेच्या टायरवाल्याकडे चाक बदलून घेताना कधी त्याच्या हाताकडे लक्ष देऊन पाहा. जुना, मुरलेला कारागीर एक नट आवळतो, मग शेजारचा सोडून त्याच्या पलीकडचा धरतो, मग पुन्हा एक सोडून पुढचा. पाच नटांवरून त्याचा पान्हा फिरतो तेव्हा हवेत चांदणी काढल्यासारखे दिसते. घाईतला पोरगा मात्र हवेची गन घेतो आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकापाठोपाठ एक पाचही नट फर्र फर्र आवळून मोकळा होतो. दोघांची चाके बाहेरून सारखीच दिसतात. पान्हा लावून पाहिला तर नटही सारखेच घट्ट वाटतात. मग फरक कुठे आहे?

माझ्या वाचकांत निवृत्त फौजी बरेच आहेत. "चाकाचे नट आमनेसामने आवळा" हे वाक्य त्यांनी एमटी पार्कात शेकडो वेळा ऐकले असेल. ते का, हे सांगणारा उस्ताद मात्र विरळा. मला तो भेटला अरुणाचलमध्ये, टेंग्याला.

सेलाचा बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट आहे. तेजपूरहून तवांगकडे जाणारा रस्ता भालुकपोंगला मैदान सोडतो आणि डोंगरात शिरतो. पुढे टेंगा, बोमडिला, दिरांग आणि मग पावणेचौदा हजार फुटांच्या आसपासची सेला खिंड. आमची जिप्सी त्या दिवशी तेजपूरहून निघाली होती. निघण्यापूर्वी पुढचे डावे चाक पंक्चर झाले म्हणून चालकाने मैदानातल्याच एका दुकानात ते काढून पुन्हा बसवून घेतले होते. चालक साताऱ्याकडचा, गाडीशी बोलत गाडी चालवणारा. भालुकपोंग सोडून तासभर झाला असेल, तो म्हणाला, "साहेब, स्टिअरिंगला बारीक थरथर लागतीये. रस्त्याची न्हाई वाटत."

गाडीत आम्ही पाच जण होतो. डाव्या हाताला दरी आणि खाली नदी. पुढच्या रुंद जागेवर गाडी लावून त्याने हॉल्ट परेडप्रमाणे चाकांना हात लावला. डाव्या चाकाचे तीन नट हाताने हलत होते. उरलेले दोन इतके घट्ट होते की पान्ह्यावर पाय द्यावा लागला. सैल नटांभोवती रिमवर तांबूस भुकटी जमली होती. त्याने सगळे नट सैल करून, चाक नीट बसवून, चांदणीच्या क्रमाने पुन्हा आवळले आणि आम्ही सावकाश टेंग्याला पोचलो.

तिथल्या ईएमई वर्कशॉपमध्ये एक नायब सुभेदार साहेब होते, तमिळनाडूचे. त्यांनी चाक काढले, स्टड आणि रिमची भोके बोटाने चाचपली आणि हिंदीत एकच वाक्य बोलले, "सर, ये नट पहिए को नहीं रोकता. नट सिर्फ दबाता है. रोकता है दबाव."

यातच सगळे उत्तर आहे, पण ते थोडे उलगडून सांगायला हवे.

आपली समजूत अशी असते की चाक त्या पाच स्टडवर टांगलेले असते, भिंतीतल्या खुंटीवर सदरा टांगावा तसे. तसे ते असते तर स्टड फार दिवस टिकले नसते. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते, ते गाडीचे वजन, ब्रेकचा हिसका आणि खड्ड्याचा दणका पेलते. स्टडने आडवा भार घ्यायचाच नसतो. त्याने फक्त ताणलेले राहायचे.

आता थोडे आकडे. ते अंदाजासाठी आहेत, तुमच्या गाडीसाठी तिच्या पुस्तिकेतलाच आकडा घ्यावा. बारा मिलिमीटर जाडीचा स्टड आहे आणि नट १०० न्यूटन-मीटरला आवळला आहे असे धरा. म्हणजे एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला साधारण दहा किलो वजन टांगले तर जितका पीळ बसेल तितका. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढ्याने एका स्टडमध्ये सुमारे चार टन वजनाइतकी ओढ तयार होते. पाच स्टड मिळून वीस टनांच्या आसपास. भरलेल्या जिप्सीच्या एका चाकावर जेमतेम चारेकशे किलो भार असतो. वीस टनांच्या दाबापुढे तो किती किरकोळ आहे बघा. म्हणून नीट बसलेले चाक वर्षानुवर्षे हलत नाही.

पण खरी मेख पुढच्या आकड्यात आहे. एवढी प्रचंड ओढ निर्माण होताना स्टड लांबतो किती? नट आणि हब यांच्यामधला स्टडचा मोकळा भाग साधारण पंचवीस मिलिमीटर धरला, तर तो लांबतो सुमारे ०.०५ मिलिमीटर. वहीच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या जवळपास असते. म्हणजे चाक धरून ठेवणारा सगळा ताण अर्ध्या कागदाच्या जाडीत साठवलेला असतो. पत्र्याची रिम स्वतःही थोडी लवचिक असते, त्यामुळे प्रत्यक्षात हाताशी याहून जरा जास्त असते, पण फार नाही. रिम आणि हब यांच्यात कागदाएवढी फट राहून गेली आणि ती नंतर मिटली, की नट जागचा न हलताही ओढ जवळजवळ संपते.

आमनेसामने आवळण्याची सगळी धडपड ती कागदाएवढी फट राहू नये म्हणून असते.

ती राहते कशी, हे पत्र्याच्या घट्ट डब्याच्या झाकणावरून कळेल. झाकण एका कडेला जोरात दाबले की समोरची कडा उचलली जाते. मग दाबलेल्या कडेपासून हळूहळू गोल गोल दाबत गेलात, तर शेवटी समोरची कडा अडून बसते. शहाणी गृहिणी आधी दोन्ही तळहात समोरासमोर ठेवते. चाकाचेही तसेच होते. पहिला नट एकदम पूर्ण आवळला की रिमची ती बाजू हबला चिकटते आणि समोरची बाजू किंचित तिरकी राहते. मग शेजारचा, त्याच्या शेजारचा असे करत गेलो, तर शेवटच्या नटांना ती फट मिटवण्यासाठी रिमच वाकवावी लागते. त्यांचा पीळ स्टड ताणण्याऐवजी रिम वाकवण्यात खर्च होतो. पान्ह्याला मात्र हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने नट घट्ट झाला.

यात नटाच्या आकाराचीही एक भानगड आहे. जिप्सीसारख्या गाड्यांच्या नटाचे रिमकडचे टोक शंकूसारखे निमुळते असते आणि रिमच्या भोकाची कडही तशीच खोलगट असते. नट आत शिरताना भोकाला स्टडच्या मध्यावर ओढून आणतो, म्हणजे चाक मध्यावर आणण्याचे कामही नटांचेच. पहिल्याच नटाने रिम करकचून धरून ठेवली तर बाकीच्या नटांना ती सरकवता येत नाही. मग त्यांचा शंकू भोकाला एकाच बाजूने टेकतो आणि तिथल्या घासण्यामुळेच पान्हा जड लागतो.

जड लागणारा पान्हा आणि ताणलेला स्टड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नट आवळताना आपण लावलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा भाग नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात जातो आणि चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून गंज, माती किंवा तिरका टेकलेला शंकू यांनी घर्षण थोडे जरी वाढले, तरी तो दहावा हिस्सा कुठच्या कुठे जातो.

नायब सुभेदार साहेबांनी हे मला नुसते सांगितले नाही, करून दाखवले. चाक पुन्हा चढवले, पाचही नट हाताने बसवले. मग टॉर्क रेंच घेऊन ओळीने, गोल, एकेक नट एका दमात पूर्ण आवळला. रेंच प्रत्येक नटाला "टक्" वाजली, म्हणजे ठरवलेला पीळ पुरा झाला. मग म्हणाले, "सर, आता पहिला नट पुन्हा तपासा." मी रेंच त्याच पहिल्या नटाला लावली. ती लगेच वाजायला हवी होती. पण नट आधी फिरला, घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटे सरकावे तितका, आणि मग वाजली.

पाच मिनिटांचे अंतर म्हणजे पूर्ण फेऱ्याचा बारावा भाग. त्या स्टडच्या आट्यांमध्ये एका फेऱ्याला नट सव्वा मिलिमीटर पुढे जातो. बाराव्या भागात तो ०.१ मिलिमीटर गेला, म्हणजे एका कागदाइतका. स्टड ताणण्यासाठी हिशेबाने लागत होता अर्धा कागद. म्हणजे शेजारचे नट आवळता आवळता पहिल्या नटाखालची रिम सरकली, बसली, आणि त्याची जवळजवळ सगळी ओढ गेली. त्याला कोणी सैल केले नव्हते. शेजाऱ्यांनी त्याच्या खालची जमीन काढून घेतली होती.

मग त्यांनी सगळे सोडून पुन्हा केले, या वेळी रीतीने. नटांना गोल क्रमाने एक ते पाच आकडे द्या. क्रम आहे एक, तीन, पाच, दोन, चार. पाच नटांत कोणाच्याही अगदी समोर दुसरा नसतो, म्हणून दर वेळी एक सोडून पुढचा घ्यायचा. पहिला फेरा पूर्ण पिळाच्या तिसऱ्या हिश्शाने, दुसरा दोन तृतीयांशाने, तिसरा पूर्ण. त्यानंतर पहिल्या नटाला रेंच लावली तर तो दिसेल न दिसेल इतका हलला आणि वाजली.

क्रम आणि टप्पे ही जोडी आहे, हे त्या दुसऱ्या वेळी पक्के कळले. चांदणीचा क्रम पाळला पण प्रत्येक नट पहिल्याच खेपेला पूर्ण आवळला, तरी पहिला नट रिमला तिरकी पकडणारच. टप्प्यांमुळे रिम थोडी थोडी, सगळीकडून सारखी आत येते. मोटारींच्या कारखान्यात तर चाकाचे पाचही नट एकाच वेळी आवळणारे यंत्र असते. तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे एकच पान्हा असतो, म्हणून आपण क्रमाने आणि टप्प्यांनी त्या यंत्राची नक्कल करतो.

आता त्या तांबूस भुकटीकडे येऊ. जिप्सीच्या टायरचा घेर दोन मीटरहून थोडा अधिक, म्हणजे किलोमीटरमागे चाकाचे पावणेपाचशेच्या आसपास फेरे. पन्नास किलोमीटरमध्ये तेवीस-चोवीस हजार. प्रत्येक फेऱ्यात गाडीचा भार एका स्टडवरून दुसऱ्याकडे सरकत जातो. दाब पुरेसा असेल तर रिम हलत नाही. दाब कमी असेल तर ती प्रत्येक फेऱ्यात केसभर घसरते आणि परत येते. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवले की नट सैल व्हायला उभ्या हादऱ्यांपेक्षा अशी आडवी घसरण फार जास्त कारणीभूत असते. आडवी हालचाल सुरू झाली की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. त्याच घसरणीत लोखंड लोखंडावर घासून बारीक भुकटी होते, तिला हवा लागून ती तांबूस दिसते. नटापासून बाहेर ओघळलेल्या अशा रेषा चाकावर दिसल्या तर तो नट बोलतो आहे असे समजा.

भुकटीखेरीज आणखी दोन खुणा आहेत. गाडी सावकाश वळताना चाकातून टकटक येणे ही एक. दुसरी चाक काढल्यावर दिसते: भोक गोल न राहता लंबगोल होते आणि त्याच्या कडेला धातू चकाकतो. अशी रिम पुन्हा वापरू नये, कारण शंकू आता कुठेच नीट टेकणार नाही. आमच्या रिमची भोके शाबूत होती, पण साहेबांनी स्टड मात्र पाचही बदलायला लावले. ताण गेलेला स्टड प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो, आणि तार पुढेमागे वाकवून तोडावी तशी त्याला आतून चीर पडू लागते. आणि घट्ट राहिलेल्या दोघांनी वाटेत पाचांचा भार उचललेला असतो, म्हणून त्यांच्यावरही विश्वास ठेवायचा नाही.

हाच नियम पाण्याच्या किंवा तेलाच्या पाइपांना लागू पडतो. दोन पाइपांच्या टोकांच्या चकत्या, म्हणजे फ्लँज, मध्ये गॅस्केट घालून बोल्टने जोडतात. आठ बोल्ट असतील तर क्रम असतो एक-पाच, तीन-सात, दोन-सहा, चार-आठ. इथे तर मधले गॅस्केट मऊ असते, त्यामुळे शेजारचा बोल्ट आवळला की आधीच्याखालचे गॅस्केट आणखी दबते आणि आधीचा बोल्ट चाकापेक्षाही लवकर सैल पडतो. चौक्यांवर पाणी चढवणाऱ्या पंपांवर एक नेहमीचे दृश्य मी पाहिले आहे. एका बाजूने पाणी ठिबकते म्हणून जवान तेवढाच बोल्ट जीव खाऊन आवळतो. तिथले ठिबकणे थांबते आणि समोरच्या बाजूने सुरू होते. अशा वेळी दोन चकत्यांमधली फट चार बाजूंनी मोजावी. ती सारखी नसेल तर सगळे बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून टप्प्यांनी यावे. गॅस्केट एकदा एका बाजूला चिरडले गेले असेल तर तेही बदलावे लागते.

यात एक गंमत आहे. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची फ्लँज जोडण्याविषयीची पीसीसी-१ ही मार्गदर्शिका आहे. तिच्यातल्या रूढ पद्धतीत पहिला फेरा २० ते ३० टक्के पिळाने, दुसरा ५० ते ७० टक्क्यांनी आणि तिसरा पूर्ण पिळाने, हे तिन्ही आमनेसामने. चौथा फेरा मात्र पूर्ण पिळाने, एकही नट फिरेनासा होईपर्यंत, चक्क गोल. वाचून आधी चमकलो. पण विचार केला तर बरोबर आहे. तिसऱ्या फेऱ्यानंतर चकत्या समांतर बसलेल्या असतात, तिरक्या होण्याचा धोका संपलेला असतो. उरलेले काम शेजाऱ्यांनी एकमेकांची चोरलेली थोडीफार ओढ परत भरून देण्याचे, आणि ते ओळीने केले की एकही बोल्ट सुटत नाही. म्हणजे टायरवाल्या पोराचा गोल क्रम मुळात चूक नाही. तो शेवटी यायला हवा, तो त्याने पहिल्यांदा आणला.

क्रमाने सगळेच साधते असेही नाही. हब आणि रिमच्या बैठकीत चिखल, गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा जाड थर असेल, तर चांदणी कितीही सुबक काढा, तो थर पुढच्या काही किलोमीटरमध्ये चुरडला जाणार आणि अर्ध्या कागदाची ठेव बुडणार. म्हणून चाक चढवण्यापूर्वी दोन्ही बैठका तारेच्या ब्रशने घासून घ्याव्यात. पुस्तिकेत लिहिले नसेल तर आट्यांना तेल लावू नये. तेलाने घर्षण कमी होते, आणि त्याच पिळाला स्टड हिशेबाहून जास्त ताणला जातो.

गाडी जॅकवर असताना सगळे नट हाताने आट्यांत धरवावेत, वरच्या नटापासून सुरुवात करावी, आणि चाक थोडे थोडे हलवत चांदणीच्या क्रमाने हलकेच आवळावेत, म्हणजे शंकू आपापल्या जागी बसतात. मग टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकी गाडी खाली घ्यावी, म्हणजे चाक फिरणार नाही आणि गाडीचे पूर्ण वजनही त्याला मध्यावरून ढळवणार नाही. मोठे दोन फेरे तिथे करावेत. दुकानदाराने गन वापरली तर वापरू द्या, पण त्याला सांगा की गनने नुसते टेकव, शेवटचा पीळ हाताने दे.

आणि पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी थांबवून, चाके गार झाली की, प्रत्येक नटाला पुन्हा एकदा पान्हा लावा. त्या वेळी नट किंचित फिरला तर घाबरायचे कारण नाही, नव्याने बसवलेले चाक थोडे बसतेच. पाच मिनिटांच्या काट्याइतका फिरला तर मात्र सगळे सैल करून पहिल्यापासून आवळा. त्या प्रवासानंतर आमच्या चालकाने आपल्या गाडीच्या वहीत चाक बदलल्याची नोंद करताना पुढे एक रकाना वाढवला: "पन्नास कि.मी.ला तपासले." मी त्यावर सही करत गेलो, आणि त्या पलटणीत असेपर्यंत तो रकाना कधी रिकामा राहिला नाही.